काँट्रॅक्ट टू हायरला ‘नाही’ कसं म्हणायचं, एजन्सीला न दुखावता

सात वर्षं मी नाशिकमधल्या एका एजन्सीत भरतीचं काम केलं. अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे इथल्या कारखान्यांना माणसं द्यायची, हा आमचा धंदा. त्या काळात काँट्रॅक्टची ऑफर नाकारणारे उमेदवार रोज भेटायचे, आणि नकाराचा राग आम्हाला फारसा यायचा नाही. राग यायचा तो नकार चुकीच्या दिवशी, चुकीच्या कारणाने किंवा चुकीच्या माणसाकडे आला की. असं करणाऱ्याच्या नावापुढे आमच्या सिस्टिममध्ये ‘बॅकआउट’ असा शेरा पडायचा. पुढे दोन वर्षांनी त्याच्याजोगी परमनंट जागा आली तरी तो शेरा बघून फोन दुसऱ्याला जायचा.

ही चूक अजूनही सर्रास होते, म्हणून क्रमाने लिहितो. सोबत एक खरं प्रकरण घेतो. माझ्या ओळखीची एक क्वालिटी इंजिनीअर, चार वर्षांचा अनुभव, अंबडमधल्या एका लहान व्हेंडर कंपनीत परमनंट. सातपूरच्या एका मोठ्या कारखान्यासाठी एजन्सीने तिला वर्षाला 4 लाख 90 हजारांची ऑफर दिली: बारा महिने एजन्सीच्या पेरोलवर, मग ‘कामगिरी बघून’ कंपनीच्या रोलवर. आत्ताचा तिचा पगार वर्षाला 4 लाख 20 हजार. पाथर्डी फाट्याला फ्लॅट बुक केलेला, गृहकर्जाची फाइल बँकेत. तिला परमनंटच हवं होतं. ऑफरची मेल मंगळवारी दुपारी आली, उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं.

## पायरी 1: तुमची फाइल कुठवर गेली आहे ते ओळखा

नकाराची किंमत तुमची फाइल कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर ठरते. तुमचा सीव्ही अजून कंपनीकडे गेलाच नसेल तर ‘मला काँट्रॅक्ट नको’ हे एक वाक्य पुरतं, कुणाचं काही बिघडत नाही. मुलाखत होऊन निवड झाली असेल तर एजन्सीच्या माणसाने प्लांटमधल्या एचआरकडे तुमच्यासाठी शब्द टाकलेला असतो. आता त्याला तो शब्द मागे घ्यावा लागणार. आणि तुम्ही ऑफर मेलवर स्वीकारली, पॅन-आधार आणि सॅलरी स्लिपा पाठवल्या, जॉइनिंगची तारीख दिली, की एजन्सीने बाकीचे उमेदवार सोडून दिलेले असतात. या तिसऱ्या टप्प्यावर नकार दिला की दुखणारच, कितीही गोड बोललात तरी.

एजन्सीचा पैसा कुठून येतो हेही इथेच समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या आपोआप कळतील. परमनंट माणूस लावला की कंपनी एजन्सीला एकरकमी फी देते. ती अनेकदा वार्षिक पॅकेजच्या 8.33 टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार असते. आपल्या इंजिनीअरच्या पॅकेजवर ती चाळीस हजारांच्या आसपास येते. काँट्रॅक्टच्या माणसावर मात्र एजन्सीला दरमहा थोडं मार्जिन मिळत राहतं, तुम्ही टिकाल तोवर. म्हणजे तुमच्यासारखा परमनंट शोधणारा माणूस एजन्सीच्या कामाचाच आहे, फक्त वेगळ्या टेबलावर. बऱ्याच एजन्सींमध्ये ही दोन टेबलं खरोखर वेगळी असतात: काँट्रॅक्टवाले वेगळे, परमनंटवाले वेगळे. तुम्हाला नकार पहिल्या टेबलावर द्यायचा आहे आणि स्वतःचं नाव दुसऱ्या टेबलावर पोचवायचं आहे.

तपासा: ऑफर मेलला तुम्ही ‘ओके’, ‘थँक यू, कन्फर्म’ असं काही उत्तर दिलं आहे का? व्हॉट्सॲपवरही? दिलं असेल तर एजन्सीच्या नोंदीत तुम्ही स्वीकार केला आहे. पायरी 6 आधी वाचा.

## पायरी 2: ‘नाही’ म्हणण्यापूर्वी एकदाच, एका बैठकीत विचारा

काँट्रॅक्ट टू हायर या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात. एकीत कंपनीने खरोखर ठरवलेलं असतं की वर्षभर माणूस बघू, जागा मंजूर आहे, बरा निघाला तर घेऊ. दुसरीत ‘टू हायर’ हे शब्द फक्त जाहिरातीत असतात. कंपनीला मनुष्यबळाची मंजूर संख्या वाढवायची नसते, म्हणून काम एजन्सीच्या रोलवर चालतं आणि करार वर्षावर वर्ष लांबतो. दोन्हींत फरक ओळखण्याचे प्रश्न चारच आहेत.

पहिला, कंपनीच्या रोलवर घ्यायचं की नाही हे कोण ठरवणार: प्लांट एचआर, विभागप्रमुख की मुंबई-पुण्याचं मुख्य ऑफिस? दुसरा, याच विभागात गेल्या खेपेला घेतलेल्यांपैकी किती जण रोलवर गेले? तिसरा, रोलवर जाताना पगार नव्याने ठरतो का, आणि काँट्रॅक्टचा काळ सेवेत धरतात का? बहुतेक वेळा धरत नाहीत. ज्येष्ठता शून्यापासून मोजायला सुरुवात होते, कारण कागदावर मालकच बदललेला असतो. चौथा, यातलं काय ऑफर लेटरमध्ये लिहून मिळेल?

आमच्या इंजिनीअरने हे चारही मंगळवारी संध्याकाळी एकाच फोनमध्ये विचारले. पहिल्याचं उत्तर आलं, ‘एचआर ठरवेल.’ दुसऱ्याला, ‘बरेच जण गेलेत मॅडम.’ आकडा नाही. तिसऱ्याला, ‘ते तेव्हा बघू.’ चौथ्याला, ‘लेटरचा फॉरमॅट ठरलेला असतो, त्यात बदल होत नाही.’ रिक्रूटर खोटं बोलत नव्हती. तिच्याकडे तेवढीच माहिती होती, आणि एवढ्या माहितीवर कुणी पक्की नोकरी सोडू नये.

या प्रश्नांचा गैरवापर करू नका. उत्तर काहीही आलं तरी तुम्ही नाहीच म्हणणार असाल तर विचारूच नका. रिक्रूटर तुमच्यासाठी प्लांटला फोन करते, एचआरला मेल लिहिते, दोन दिवस घालवते. एवढं करून तुम्ही ‘मला तसंही काँट्रॅक्ट नकोच होतं’ म्हणालात की तिला वाटतं, आपला वेळ खाल्ला. आणि ते खरंच असतं.

इशारा: याच काळात ‘बयाणा’, ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ किंवा मूळ प्रमाणपत्रं मागणारी एजन्सी भेटली तर हा लेख तिच्यासाठी नाही. चांगली एजन्सी पैसे कंपनीकडून घेते, उमेदवाराकडून नाही. असं मागणाऱ्या एजन्सीशी संबंध टिकवायची गरज नाही.

## पायरी 3: तुमचं ‘परमनंट’ एका ओळीत लिहून काढा

ही पायरी सगळे वगळतात. मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच. ‘मला परमनंट हवंय’ एवढं म्हटलं की रिक्रूटरला पुढे काय शोधायचं ते कळत नाही. पहिल्या दिवसापासून कंपनीचं लेटर हवं, की सहा महिन्यांचा काँट्रॅक्ट आणि त्यानंतर लेखी हमी चालेल? प्रोबेशन चालेल का? (चालायलाच हवं. प्रोबेशनवरचा माणूस पहिल्या दिवसापासून कंपनीचाच असतो. काँट्रॅक्ट आणि प्रोबेशन यांची गल्लत करून चांगली नोकरी नाकारणारेही मी पाहिलेत.) सिन्नरला जायची तयारी आहे का? पहिली शिफ्ट? कमीत कमी पगार?

तिने कागदावर लिहिलेली ओळ अशी होती: ‘क्वालिटी किंवा सप्लायर क्वालिटी, पहिल्या दिवसापासून कंपनी रोल, प्रोबेशन चालेल, सातपूर-अंबड-गोंदे, सिन्नर कंपनीची बस असेल तर, वार्षिक 4 लाख 60 हजारांपासून पुढे, नोटीस एक महिना.’

एक गोष्ट नीट पाहा. तिने किमान आकडा काँट्रॅक्टच्या ऑफरपेक्षा तीस हजारांनी कमी लिहिला. परमनंटसाठी ती थोडं कमी घ्यायला तयार होती, आणि हे आकड्यात आल्यामुळे नकार पगारासाठी नाही हे रिक्रूटरला न सांगता पटलं. तुमची तशी तयारी नसेल तर लिहू नका. पण असेल तर त्या आकड्यासारखं काम करणारं दुसरं वाक्य नाही.

## पायरी 4: एकच कारण निवडा, आणि ते पगाराचं नसावं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ‘काँट्रॅक्ट नको’ म्हणायला माणसाला अवघड वाटतं, म्हणून तो म्हणतो, ‘पॅकेज थोडं कमी आहे.’ हे सांगायला सोपं आणि सभ्य वाटतं. पण रिक्रूटरच्या कानाला ते आमंत्रण असतं. ती प्लांटला फोन लावते, एचआरची मनधरणी करते, एचआर त्याच्या वरिष्ठाकडे जातो, आणि दोन दिवसांनी ती आनंदाने फोन करते: ‘सर, पाच लाख वीस हजार मंजूर झालेत!’ आता तुम्ही काय म्हणणार?

माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी हे मी भोगलं. एका मेंटेनन्स इंजिनीअरसाठी भांडून पन्नास हजार वाढवून आणले. तो म्हणाला, ‘अहो, खरं सांगू का, मला काँट्रॅक्टच नको होतं.’ तो दोन मिनिटांत मोकळा झाला. मी मात्र त्या एचआरसमोर पुढचे सहा महिने खाली मान घालून बसलो. त्याच्या नावाची फाइल मी पुन्हा उघडली नाही. आज वाटतं, थोडं चुकलंच माझं. पण रिक्रूटरही माणूसच आहे.

तसंच ‘घरचे नको म्हणताहेत’, ‘वडिलांची तब्येत’, ‘लांब पडतं’ ही कारणंही टाळा. प्रत्येकाला तोडगा निघू शकतो, आणि तोडगा निघाला की तुम्ही अडकता. पुढे तुम्ही त्याच भागातल्या परमनंट नोकरीला हो म्हणालात की मागचं कारण उघडं पडतं. नाशिकचं औद्योगिक जग फार मोठं नाही. सातपूरच्या प्लांटमधला एचआर उद्या गोंद्यात असतो, आणि एजन्सीतली मुलगी परवा त्याच प्लांटमध्ये एचआर म्हणून बसलेली असते.

खरं कारण एका वाक्यात सांगा: ‘मला थर्ड पार्टी पेरोलवर जायचं नाही, मी फक्त कंपनी रोल बघतेय.’ गृहकर्जाची फाइल चालू असल्यासारखं ठोस कारण असेल तर तेही जोडा, पण आधाराला म्हणून. मुख्य कारण रोल हेच राहू द्या. नाहीतर कर्ज मंजूर झालं की पुन्हा काँट्रॅक्टचा फोन येणार.

तपासा: तुमचं कारण वाचा आणि स्वतःला विचारा, ‘ही अडचण एजन्सीने सोडवली तर मी जॉइन होईन का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर ते तुमचं कारण नाही.

## पायरी 5: आधी फोन, मग मेल, दोन्ही एकाच दिवशी

ठरलं की चोवीस तासांच्या आत सांगा. शुक्रवारची मुदत असेल आणि बुधवारी ठरलं असेल तर बुधवारीच. मुदतीपर्यंत थांबण्याने तुमचा मान वाढत नाही. एजन्सीकडे दुसरा उमेदवार गरम असतानाच तुमचा नकार पोचला तर ती दुसऱ्या दिवशी त्याला पाठवू शकते, आणि तिचं नुकसान जवळजवळ शून्य होतं. तीन दिवसांनी तो दुसराही कुठेतरी लागलेला असतो. मैत्री टिकते ती बहुतेक या दोन दिवसांच्या फरकावर, शब्दांवर कमी.

वेळ सकाळी साडेदहा-अकराची बरी. संध्याकाळी रिक्रूटर दिवसाचा हिशेब वरिष्ठाला देत असते. तेव्हा नकार आला की तो तिला त्याच क्षणी वर सांगावा लागतो आणि ती तुम्हाला मनवायच्या मागे लागते. सकाळी सांगितलं तर तिच्या हातात अख्खा दिवस असतो.

फोनवर एवढंच बोला:

‘मॅडम, काल तुम्ही वेळ दिलात त्याबद्दल थँक्यू. मी ऑफरवर विचार केला. मला थर्ड पार्टी पेरोलवर जायचं नाहीये, त्यामुळे ही ऑफर मी घेणार नाही. तुम्हाला दुसरा उमेदवार वेळेत पाठवता यावा म्हणून आजच सांगतेय. मेल पण पाठवते. आणि एक विचारायचं होतं, तुमच्याकडे परमनंटच्या जागा कोण बघतं?’

शेवटचा प्रश्न विसरू नका. त्याच्यामुळे फोन नकारावर संपत नाही. शिवाय एक गोष्ट कळते: रिक्रूटरने लगेच कुणाचं नाव सांगितलं तर त्या एजन्सीत परमनंटचं काम खरोखर चालतं. ‘मीच बघते सगळं’ असं आलं तर लहान एजन्सी आहे, त्यात काही वाईट नाही. पण ‘असतं कधी कधी’, ‘आलं तर कळवू’ असं आलं तर ती एजन्सी फक्त काँट्रॅक्टचं काम करते. तिच्याशी सौजन्य ठेवा, आशा ठेवू नका.

‘सॉरी’ एकदा पुरे. पाच वेळा म्हटलं की समोरच्याला वाटतं, हा माणूस डळमळतोय, अजून जरा ढकलू.

मेल फोननंतर तासाभरात. रिक्रूटरला ती मेल जशीच्या तशी वरिष्ठाला आणि प्लांटला पुढे पाठवता आली पाहिजे, म्हणून त्यात भावना कमी आणि नोंद जास्त. आमच्या इंजिनीअरने पाठवलेली मेल अशी:

> विषय: क्वालिटी इंजिनीअर, सातपूर: ऑफर न स्वीकारण्याबाबत
>
> नमस्कार मॅडम,
>
> आज सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे, मंगळवारी आलेली काँट्रॅक्ट टू हायरची ऑफर मी स्वीकारत नाही. मी सध्या फक्त कंपनी रोलवरच्या नोकरीचा विचार करते आहे. पॅकेज किंवा कामाच्या स्वरूपाबद्दल माझी काही तक्रार नाही.
>
> मुलाखतीची व्यवस्था आणि प्लांटमधल्या सरांनी दिलेला वेळ यासाठी आभार. कृपया त्यांनाही कळवावे.
>
> पुढे परमनंट जागा आल्यास विचार व्हावा: क्वालिटी किंवा सप्लायर क्वालिटी, सातपूर-अंबड-गोंदे (बस असल्यास सिन्नर), वार्षिक 4 लाख 60 हजारांपासून, नोटीस एक महिना. याच कंपनीत परमनंट जागा निघाली तरी मी तुमच्यामार्फतच अर्ज करेन.

इंग्रजीत लिहिलीत तरी क्रम हाच ठेवा. ‘पॅकेजबद्दल तक्रार नाही’ हे वाक्य मुद्दाम आहे. प्लांटचा एचआर मेल वाचून ‘पैसे वाढवून बघू का’ विचारायच्या आत ते दार बंद करतं. आणि शेवटचं वाक्य का, ते पायरी 7 मध्ये.

इशारा: नकार थेट प्लांटच्या एचआरला किंवा मुलाखत घेणाऱ्या साहेबांना पाठवू नका, त्यांचा नंबर तुमच्याकडे असला तरी. तुम्ही एजन्सीच्या हातून गेलात, परतही तिच्याच हातून या. प्लांटने एजन्सीला ‘तुमचा उमेदवार नाही म्हणाला, तुम्हाला माहीत नाही?’ असं विचारलं तर तिची जी शोभा होते ती ती विसरत नाही.

व्हॉट्सॲपवर फक्त नकार पाठवणं आणि नंतर फोन न उचलणं, याबद्दल वेगळं लिहायला नको.

### परत येणारा फोन

तो येतोच. साधारण अर्ध्या दिवसात, कधी रिक्रूटरचा, कधी तिच्या टीम लीडचा. बोलणी तीन प्रकारची असतात.

‘सहा महिन्यांत करून देतो ना रोलवर, माझा शब्द.’ याला एकच उत्तर: ‘सर, हे कंपनीच्या लेटरवर आलं तर मी नक्की वाचेन.’ तोंडी शब्द एजन्सी देऊ शकते, पाळू शकत नाही, कारण रोलवर घेणं कंपनीच्या हातात असतं. पण तुम्ही पायरी 3 मध्ये ‘पहिल्या दिवसापासून’ असंच लिहिलं असेल तर हेही म्हणू नका, कारण लेटर खरंच आलं तर तुम्हाला पुन्हा नकार द्यावा लागेल.

‘अहो, एवढ्या मोठ्या कंपनीचं नाव सीव्हीवर येईल.’ खरं सांगायचं तर सीव्हीवर मालक म्हणून एजन्सीचं नाव येतं. पीएफच्या पासबुकातही तेच दिसतं. वाद घालू नका, ‘हो, कंपनी चांगलीच आहे’ म्हणा आणि नकार तसाच ठेवा.

तिसरा प्रकार म्हणजे नाराजी: ‘मग मुलाखतीला कशाला गेलात?’ याला धार असते, आणि कधी कधी ती रास्तही असते. पेरोलबद्दल आधी स्पष्ट सांगितलं नव्हतं, असं असलं तरी तो हिशेब इथे काढू नका. ‘बरोबर आहे, पुढच्या वेळी सीव्ही पाठवायच्या आधीच मी रोलचं विचारून घेईन’ एवढं म्हणा. चूक पूर्ण तुमची नसली तरी हे वाक्य खोटं नाही, आणि पुढे तसं विचारायचंच आहे.

एकाच मुद्द्यावर तिसऱ्यांदा फोन आला तर नवं कारण शोधू नका. तेच वाक्य, त्याच शब्दांत. कारणं बदलली की सगळीच खोटी वाटतात.

## पायरी 6: ऑफर आधीच स्वीकारली असेल तर

आता शेरा पडणारच. तो हलका करता येतो, पुसता येत नाही. मेल आधी नाही, फोन आधी, आणि आजच. जॉइनिंगच्या आदल्या दिवशी कळवणं आणि दहा दिवस आधी कळवणं यात एजन्सीच्या दृष्टीने फार अंतर आहे. दहा दिवसांत बदली माणूस मिळू शकतो, एका रात्रीत नाही.

फोनवर चूक सरळ मान्य करा: ‘हो म्हणताना मी पेरोलचा नीट विचार केला नव्हता, चूक माझी आहे.’ दुसरी ऑफर मिळाली म्हणून फिरत असाल तर तेही सांगा, कंपनीचं नाव न घेता. लपवलंत तर महिनाभरात लिंक्डइनवर दिसेलच.

तुम्ही अजून राजीनामा दिलेला नसेल तर फार काही बिघडलेलं नाही. दिला असेल तर एजन्सीला नकार कळवण्याआधी तो मागे घेता येतो का ते आपल्या एचआरशी बोलून घ्या, म्हणजे दोन्हीकडून सुटणार नाही. ऑफर लेटरवर सही केली असेल तर न आल्यास काय, हे कलम त्यात आहे का तेही फोनआधी वाचा.

नुकसान थोडं भरून काढायचा एक मार्ग आहे: ओळखीतला असा कुणी सुचवा ज्याला काँट्रॅक्ट खरंच चालतो. नुकताच डिप्लोमा झालेला, किंवा सध्या घरी बसलेला. त्याला विचारून, त्याच्या परवानगीनेच नंबर द्या. एजन्सीला त्या आठवड्यात याहून मोठा उपकार नाही. ऑफर न स्वीकारता नाकारणाऱ्यांनीही हे केलं तर उत्तमच, पण ओढूनताणून नको. चुकीचा माणूस सुचवला तर तो दुसरा बॅकआउट, आणि तोही तुमच्याच खात्यावर.

## पायरी 7: नकारानंतरचे सहा महिने

पहिल्या आठवड्यात एकच काम: परमनंट बघणाऱ्या व्यक्तीला स्वतःहून मेल, अद्ययावत सीव्हीसह. पहिल्या ओळीत काँट्रॅक्टच्या रिक्रूटरचं नाव घ्या. ‘यांच्याशी बोलणं झालं, त्यांनी तुमचं नाव दिलं’ असं लिहिलं की तुम्ही अनोळखी राहत नाही, आणि पहिलीलाही कळतं की तुम्ही तिला ओलांडून गेला नाहीत.

आता ते वाक्य: ‘याच कंपनीत परमनंट जागा निघाली तरी तुमच्यामार्फतच.’ एजन्सीने एकदा तुमचा सीव्ही कंपनीला दिला की ठरावीक काळ, साधारण सहा महिने ते वर्षभर, त्या कंपनीत तुम्ही कुठल्याही वाटेने लागलात तरी फी एजन्सीची, असा करार त्यांच्यात बहुधा असतो. तुम्ही मधल्या काळात त्याच कंपनीच्या साइटवर थेट अर्ज केलात, किंवा दुसऱ्या एजन्सीकडून गेलात, तर तीन बाजूंचा वाद सुरू होतो. तो वाद मिटेपर्यंत कंपनी सोपा मार्ग घेते: तुम्हाला बाजूला ठेवते. ‘आपण तर साधा अर्ज केला’ असं म्हणणारा माणूस का डावलला गेला, हे त्याला कधीच कळत नाही. म्हणून कुठली एजन्सी, कुठली कंपनी, सीव्ही कधी गेला, याची वहीत एक ओळ ठेवा.

संपर्क दोन महिन्यांतून एकदा पुरतो. ‘काही आहे का मॅडम?’ हा मेसेज बिनकामाचा. त्याऐवजी काही बदललं असेल तेव्हाच कळवा: अंतर्गत ऑडिटरचं प्रशिक्षण झालं, नोटीस पिरियड बदलला, आता सिन्नरही चालेल. रिक्रूटर नोंद अद्ययावत करते आणि तुमचं नाव यादीत वर येतं.

आणि पुन्हा फोन आला की पहिला प्रश्न, सीव्ही पाठवायच्या आधी: ‘हे कंपनी रोलवर आहे की तुमच्या पेरोलवर?’ हा प्रश्न तिथे विचारला असता तर आजच्या लेखातल्या निम्म्या पायऱ्या लागल्याच नसत्या.

आमच्या इंजिनीअरचं पुढे काय झालं ते सांगतो. बुधवारी साडेदहाला फोन, साडेअकराला मेल. दुपारी टीम लीडचा फोन आला, ‘सहा महिन्यांत रोलवर’ हेच. ती म्हणाली, ‘सर, मला पहिल्या दिवसापासूनच कंपनी रोल हवाय, त्यामुळे नाहीच.’ ते म्हणाले, ‘बरं, नोंद करून ठेवतो.’ चौथ्या महिन्यात त्याच एजन्सीच्या परमनंट टेबलावरून गोंद्याच्या एका कारखान्यासाठी लाइनअप आला. मुलाखत बरी झाली, पण त्यांना सहा वर्षांचा अनुभव हवा होता, नाव गळालं. एजन्सीने नकाराचं कारण तिला फोन करून सांगितलं. उमेदवाराला सहसा ते कुणी सांगत नाही. सातव्या महिन्यात दुसरी जागा आली, अंबडमध्येच. या वेळी फोन उचलल्यावर तिने तोच पहिला प्रश्न विचारला. पलीकडून हसून उत्तर आलं, ‘माहितीये मॅडम, तुमच्या फाइलवर तेच लिहिलंय.’